नायट्रेटमधल्या नायट्रोजनला पाच बंध का चालत नाहीत

"सर, मी कळव्याला राहते, ठाण्यात अकरावी सायन्सला आहे. NO₃⁻ ची ठिपका रचना काढताना मी नायट्रोजनला दोन डबल बाँड आणि एक सिंगल दिला. इलेक्ट्रॉन मोजले तर बरोबर २४ भरले. फॉर्मल चार्ज काढले तर फक्त एका ऑक्सिजनवर उणे एक, बाकी सगळे शून्य. पुस्तकातल्या आकृतीत तीन अणूंवर चार्ज आहेत, म्हणजे माझी आकृती जास्त चांगली ना? तरी तिच्यावर काट मारली. मग फॉर्मल चार्ज तपासायचा कशाला? आणि डबल बाँड किती नि कुठे द्यायचे हे आधी कसं ठरवायचं?"

तुझी मोजणी बरोबर आहे, फॉर्मल चार्जही बरोबर आहेत, आणि तरीही आकृती चूक आहे. तुझ्या नायट्रोजनभोवती पाच बंध आहेत, म्हणजे दहा इलेक्ट्रॉन झाले. नायट्रोजनला आठाच्या वर घेता येत नाहीत. तू केलेल्या दोन तपासण्यांपैकी एकीलाही ही चूक दिसणं शक्य नव्हतं. एकूण २४ ही सगळ्या आयनाची बेरीज आहे, ती कुठल्या अणूभोवती किती गर्दी झाली ते सांगत नाही. आणि फॉर्मल चार्ज काढताना आपण प्रत्येक बंधातला एकच इलेक्ट्रॉन त्या अणूच्या नावावर लिहितो. त्यामुळे पाच बंधांचे पाचच मोजले गेले, पाचातून पाच गेले, शून्य उरलं. दहा इलेक्ट्रॉन आहेत ही गोष्ट त्या वजाबाकीत कुठेच येत नाही.

आठाची मर्यादा हा पाठ करायचा नियम नाही, तिला कारण आहे. नायट्रोजन दुसऱ्या आवर्तातला. त्याच्या बाहेरच्या कवचात एक 2s आणि तीन 2p अशा चारच कक्षा आहेत, आणि एका कक्षेत दोनापेक्षा जास्त इलेक्ट्रॉन मावत नाहीत. चार दुणे आठ. दुसऱ्या कवचाला d कक्षा नसतातच, आणि पुढची 3s ऊर्जेने इतकी वर आहे की बंध करायला तिचा उपयोग होत नाही. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन आणि फ्लोरिन या चौघांसाठी आठ ही पक्की भिंत आहे. कधी आठाला कमी पडतील, पण आठाच्या वर जाणार नाहीत. म्हणून या चौघांपैकी कोणी आकृतीत असेल तर पहिली नजर त्याच्याभोवतीच्या इलेक्ट्रॉनांवर टाकायची, फॉर्मल चार्जवर नाही. फॉर्मल चार्जचं काम त्यानंतर सुरू होतं: एकूण इलेक्ट्रॉन बरोबर आहेत, अष्टक कुठे ओलांडलेलं नाही, अशा दोन-तीन आकृत्या समोर असल्या की त्यांतली कोणती निवडायची ते तो सांगतो. आधीच बाद झालेली आकृती त्याच्या जोरावर परत आत घेता येत नाही.

पाच बंध देण्याचा मोह का होतो, तेही बोलून टाकू, कारण वर्गात दरवर्षी निम्मी मुलं हेच करतात. नववी-दहावीत नायट्रोजनची संयुजा तीन आणि पाच अशी शिकवलेली असते, N₂O₅ हे सूत्र डोक्यात असतं, आणि नायट्रेटमध्ये नायट्रोजनचा ऑक्सिडेशन अंक +५ येतो. पाच हा आकडा सगळीकडे दिसल्यावर पाच रेघा काढाव्याशा वाटणारच. पण ऑक्सिडेशन अंक काढताना आपण बंधातले दोन्ही इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला देऊन टाकतो, कारण तो जास्त ओढणारा. नायट्रेटमध्ये असं केलं की नायट्रोजनकडे काहीच उरत नाही, म्हणून +५. फॉर्मल चार्ज काढताना तोच बंध आपण निम्मा-निम्मा वाटतो, म्हणून त्याच नायट्रोजनवर +१ येतो. आणि प्रत्यक्ष रेघा चार. एकाच अणूचे हे तीन वेगळे आकडे आहेत, एकावरून दुसरा ओढून काढायचा नाही.

आता डबल बाँड आधीच कसे मोजायचे ते. यासाठी दोन बेरजा लागतात. पहिली, हातात किती इलेक्ट्रॉन आहेत. नायट्रोजनचे पाच, तीन ऑक्सिजनचे सहा-सहा म्हणजे अठरा, आणि आयनावर उणे एक आहे म्हणून आणखी एक. झाले २४. हा शेवटचा एक विसरला की पुढचं सगळं बिघडतं, आणि धन आयनात तो वजा करायचा असतो हे विसरलं तरी तेच. तळोज्याच्या एमआयडीसीत अमोनियम नायट्रेट बनतं. त्या एकाच क्षारात दोन्ही बाजू दिसतात: नायट्रेटकडे जो एक इलेक्ट्रॉन जास्त आहे तोच अमोनियमकडे कमी आहे. NH₄⁺ मध्ये पाच अधिक चार नऊ, त्यातून एक गेला, आठ उरले.

दुसरी बेरीज अशी. कुठल्याच अणूने कोणाबरोबर काही वाटून घेतलं नाही आणि प्रत्येकाला स्वतःचे स्वतंत्र आठ हवे असले, तर किती लागतील? चार अणू, प्रत्येकी आठ, म्हणजे ३२. (हायड्रोजन असेल तर त्याला दोनच.) लागतात ३२, आहेत २४, तूट आठची. ही तूट भागीदारीतूनच भरून निघते. दोन अणूंनी एक जोडी सामायिक केली की ती जोडी दोघांच्याही हिशोबात धरली जाते, म्हणजे एका बंधामागे दोन इलेक्ट्रॉनांची तूट मिटते. आठची तूट मिटवायला चार बंध हवेत. तीनही नाहीत, पाचही नाहीत. तुझ्या आकृतीत पाच बंध होते म्हणून प्रत्येक अणूभोवतीचे इलेक्ट्रॉन मोजलेस तर १०, ८, ८, ८ असे ३४ भरतात. गरज ३२ची होती. जादाचे दोन नेमके नायट्रोजनच्या डोक्यावर चढले.

चार बंध हे कळल्यावर डबल बाँड किती ते आपोआप सुटतं. तीन ऑक्सिजन मधल्या नायट्रोजनला जोडायलाच तीन रेघा खर्च होतात. चौथी रेघ उरते. नवीन अणू जोडायचा नाही, म्हणून ती आधीच्या एखाद्या रेघेशेजारी बसणार. म्हणजे एकच डबल बाँड. CO₂ साठीही हाच हिशोब करून बघ: लागतात २४, आहेत १६, बंध चार, जोडायला दोन गेले, दोन जादा उरले. ते दोन दोन्ही बाजूंना एक-एक बसतील किंवा एकाच बाजूला दोन्ही बसून तिहेरी बंध होईल. हा प्रश्न लक्षात ठेव, थोडं पुढे गेल्यावर त्याचं उत्तर मिळेल.

मधला अणू कोणता घ्यायचा याबद्दल फार डोकं खाजवू नकोस. बहुतेक वेळा ज्याची इलेक्ट्रॉन ओढण्याची ताकद कमी तो मध्ये बसतो, आणि हायड्रोजन कधीच मध्ये बसत नाही, कारण त्याला एकच रेघ परवडते.

मग ठिपके. चार रेघांत आठ इलेक्ट्रॉन गेले, २४ मधून १६ उरले. ते आधी कडेच्या अणूंना वाटायचे. डबल बाँडवाल्या ऑक्सिजनकडे चार इलेक्ट्रॉन रेघांतून आले आहेत, त्याला आणखी चार ठिपके, म्हणजे दोन लोन पेअर. एकेरी बंधाच्या दोन्ही ऑक्सिजनांना सहा-सहा, म्हणजे तीन-तीन लोन पेअर. चार, सहा, सहा, सोळा. संपले. नायट्रोजनला एकही लोन पेअर मिळाली नाही आणि त्याला ती नकोच आहे, चार रेघांत त्याचे आठ पुरे झाले. लोन पेअर वगळून आकृती अशी दिसते:

```
        O
        ‖
  ⁻O —  N⁺ — O⁻
```

वहीत काढताना ठिपके जोडी-जोडीनेच काढ, अणूच्या चार बाजूंना. सुटे विखुरलेले ठिपके मोजताना तुझाच घोळ होतो आणि तपासणाऱ्याचाही. सगळ्या आकृतीला चौकोनी कंस आणि कंसाबाहेर वर आयनाचा प्रभार, हे राहिलं तर आकृती अपुरी धरली जाते.

आता फॉर्मल चार्ज. अणूचे मूळचे संयुजा इलेक्ट्रॉन घ्यायचे, त्यातून त्याच्यावरचे ठिपके वजा करायचे, मग त्याला लागलेल्या रेघा वजा करायच्या. नायट्रोजन: पाचातून शून्य ठिपके, चार रेघा, म्हणजे +१. डबल बाँडचा ऑक्सिजन: सहातून चार, मग दोन, म्हणजे शून्य. सिंगलचे दोन्ही: सहातून सहा, मग एक, म्हणजे −१. बेरीज +१, ०, −१, −१, म्हणजे −१. आयनाचा प्रभारही तोच. बेरीज जुळली नाही तर समजायचं की कुठेतरी ठिपका किंवा रेघ चुकली आहे. मात्र जुळली म्हणजे आकृती बरोबर असं नाही, हे तुझ्याच आकृतीने दाखवलं.

थोड्या सरावानंतर ही वजाबाकी करायचीही गरज पडत नाही. नायट्रोजनला तीन रेघा आणि एक जोडी असेल तर शून्य, चार रेघा असतील तर +१, दोन रेघा आणि दोन जोड्या असतील तर −१. ऑक्सिजनला दोन रेघा शून्य, एक रेघ −१, तीन रेघा +१. अमोनियममध्ये नायट्रोजनला चार रेघा आणि +१ आहे, नायट्रेटमध्येही चार रेघा आणि +१. अमोनियमच्या +१ बद्दल कोणाला शंका येत नाही, नायट्रेटमध्ये मात्र तोच +१ विद्यार्थ्यांना खटकतो. चार बंध केलेल्या नायट्रोजनची ती नेहमीचीच अवस्था आहे, त्यात बिघाड काही नाही.

डबल बाँड कुठल्या ऑक्सिजनला द्यायचा? नायट्रेटमध्ये तिघेही अगदी सारखे आहेत, म्हणून तीन आकृत्या होतात आणि तिन्हींना सारखाच मान. खरा आयन या तिन्हींपैकी एकही नाही. तो एकीवरून दुसरीवर उड्याही मारत नाही. तो कायम एकाच रूपात असतो, आणि ते रूप एका आकृतीत बसत नाही म्हणून आपण तीन काढतो आणि मध्ये दुतोंडी बाण देतो. यालाच संस्पंदन म्हणतात. मोजमापही हेच सांगतं: नायट्रेटमधले तिन्ही N–O बंध सारख्याच लांबीचे, सुमारे १२४ पिकोमीटर. एक आखूड आणि दोन लांब असे मिळत नाहीत. चार रेघा तिघांत वाटल्या की प्रत्येकाच्या वाट्याला एक पूर्णांक एक तृतीयांश बंध येतो.

आता तुझा खरा प्रश्न: फॉर्मल चार्ज तपासायचा कशाला. त्यासाठी नायट्रेटला एक हायड्रोजन जोड आणि नायट्रिक आम्ल कर. हायड्रोजन एका ऑक्सिजनवर बसला. आहेत २४, लागतात ३४, तूट दहाची, बंध पाच. H–O एक, N–O तीन, आणि एक जादा. ही जादाची रेघ आता तीन जागी बसू शकते, पण तीनही जागा सारख्या राहिल्या नाहीत. साध्या दोन ऑक्सिजनांपैकी एकाला दिली तर नायट्रोजनवर +१, दुसऱ्या साध्या ऑक्सिजनवर −१, बाकी शून्य. हायड्रोजनवाल्या ऑक्सिजनला दिली तर त्याला तीन रेघा झाल्या, म्हणजे त्याच्यावर +१. शेजारी नायट्रोजनवर +१ आहेच. आणि दोन्ही साध्या ऑक्सिजनांवर −१. एकूण शून्यच येतं, अष्टक सगळ्यांचं पुरं आहे, इलेक्ट्रॉन २४ आहेत. आधीच्या कुठल्याच तपासणीत ही आकृती अडत नाही. अडते ती इथे: चार अणूंवर प्रभार, आणि दोन धन प्रभार एकमेकांना खेटून. अशा रूपाचा खऱ्या रेणूत वाटा नगण्य असतो.

निसर्ग या निवाड्याशी सहमत आहे का? नायट्रिक आम्लाच्या वाफेत मोजलेल्या लांब्या अशा: हायड्रोजनवाल्या ऑक्सिजनचा बंध सुमारे १४१ पिकोमीटर, बाकीचे दोन सुमारे १२० आणि १२१. म्हणजे जादाची रेघ त्या दोघांतच वाटली गेली, प्रत्येकाला दीड. हायड्रोजनवाल्याला एकेरीच राहिला. आणि नायट्रेटचा १२४ मिळवून क्रम लाव: दीड बंधाला १२०-१२१, एक पूर्णांक एक तृतीयांशाला १२४, एकेरीला १४१. वहीतल्या वजाबाकीने जे सांगितलं ते लांबीच्या आकड्यांत उमटलेलं दिसतं. मला हा विषय शिकवताना सगळ्यात जास्त आनंद इथे होतो.

दुसरं उदाहरण अणूंच्या क्रमाचं. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन प्रत्येकी एक आणि वर एक इलेक्ट्रॉन. एकूण १६, लागतात २४, बंध चार. पण मध्ये कोण? कार्बन मध्ये घेतला तर सायनेट, OCN⁻. नायट्रोजन मध्ये घेतला तर फल्मिनेट, CNO⁻. दोन्ही आयन प्रत्यक्षात आहेत.

आधी सायनेट. दोन जादा रेघा वाटायच्या तीन पद्धती. O=C=N असं काढलं तर फक्त नायट्रोजनवर −१. O–C≡N असं काढलं तर फक्त ऑक्सिजनवर −१. O≡C–N असं काढलं तर ऑक्सिजनवर +१ आणि नायट्रोजनवर −२. तिसरी लगेच बाजूला ठेवायची. पहिल्या दोघींत प्रभाराचा आकडा सारखाच आहे, तेव्हा दुसरा निकष लावायचा: ऋण प्रभार जास्त ओढणाऱ्या अणूवर असलेला बरा. ऑक्सिजन नायट्रोजनपेक्षा जास्त ओढतो, म्हणून O–C≡N चा वाटा मोठा धरायचा, पण O=C=N चाही वाटा राहतो. CO₂ चा राखून ठेवलेला प्रश्नही इथेच सुटतो: O=C=O मध्ये सगळे शून्य, आणि तिहेरी बंध एका बाजूला दिला तर एक ऑक्सिजन +१, दुसरा −१. म्हणून दोन्हीकडे डबल.

आता फल्मिनेट. मध्ये नायट्रोजन, त्याला चार रेघा, म्हणजे कसाही काढ, त्याच्यावर +१ असणारच. C≡N–O असं काढलं तर कार्बनवर −१, ऑक्सिजनवर −१. C=N=O असं काढलं तर कार्बनवर −२. तिसऱ्या पद्धतीत कार्बनवर −३ आणि ऑक्सिजनवर +१, ती विसरूनच जा. म्हणजे सगळ्यात चांगल्या आकृतीतही तिन्ही अणूंवर प्रभार आहे, आणि कार्बनसारख्या कमी ओढणाऱ्या अणूवर ऋण प्रभार आहे. सायनेटच्या मानाने ही मांडणी खूपच अवघडलेली.

प्रत्यक्षात काय दिसतं? सिल्व्हर सायनेट शांतपणे बाटलीत राहतं. सिल्व्हर फल्मिनेट नुसत्या घासण्याने फुटतं. दिवाळीत किंवा होळीत मुलं जमिनीवर आपटतात त्या पॉप-पॉपच्या कागदी पुडीत वाळूच्या कणांवर याचाच अगदी सूक्ष्म थर असतो, आणि सुरक्षित वाटण्याइतपत तो सूक्ष्मच लागतो. हा पदार्थ कुठेही, कशासाठीही, हाताळायचा विचारसुद्धा करायचा नाही. १८२० च्या दशकात फ्रीडरिश व्होलरने सिल्व्हर सायनेटचं आणि युस्टुस लीबिगने सिल्व्हर फल्मिनेटचं पृथक्करण केलं, आणि दोघांचेही आकडे सारखे आले. तेच घटक, तेच प्रमाण, आणि गुणधर्म जमीन-अस्मानाच्या फरकाचे. कोणाचं तरी चुकलं असणार असं आधी वाटलं. कोणाचंच चुकलं नव्हतं. अशाच उदाहरणांवरून १८३० मध्ये बर्झेलियसने समघटकतेची कल्पना मांडली. इलेक्ट्रॉनच्या जोडीतून बंध होतो हे गिल्बर्ट लुईसने १९१६ मध्ये सांगितलं, म्हणजे त्या वादानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी. आज तू तोच फरक पेन्सिलीने पाच मिनिटांत कागदावर दाखवू शकतेस. फल्मिनेट का फुटतं याचं सगळं स्पष्टीकरण फॉर्मल चार्जमध्ये नाही, स्फोटात नायट्रोजन वायू सुटतो आणि त्याचा बंध फार पक्का असतो हेही त्यामागे आहे. पण दोघांतला कोण जास्त स्थिर, हे वजाबाकीने अचूक सांगितलं.

एक सावधगिरी मात्र ठेव. फॉर्मल चार्ज हा हिशोबाचा प्रभार आहे, अणूवर खरोखर बसलेला नाही. कार्बन मोनॉक्साइड घे. आहेत १०, लागतात १६, बंध तीन. कार्बनवर −१, ऑक्सिजनवर +१ येतो, वाचूनच विचित्र वाटतं. अणूंमधलं अंतर ११३ पिकोमीटर आहे. एवढ्या अंतरावर पूर्ण एक-एक प्रभार खरंच असता तर रेणूचा द्विध्रुव सुमारे ५.४ डिबाय आला असता. प्रत्यक्षात तो जेमतेम ०.११ डिबाय भरतो. दिशा मात्र खरंच कार्बनकडे ऋण अशीच आहे. म्हणजे समान वाटणीच्या हिशोबाने कार्बनला इलेक्ट्रॉन जास्त मिळाले, आणि ऑक्सिजनच्या ओढीने ते जवळपास सगळे परत खेचले गेले. आकृतीवरचा +१ वाचताना "समान वाटणी धरली तर" हे शब्द मनात आधी म्हणायचे.

ही तूट मोजायची पद्धत कुठे चालत नाही तेही सांगतो. बंधांची संख्या अपूर्णांकात आली, उदाहरणार्थ NO मध्ये अडीच किंवा NO₂ मध्ये साडेतीन, तर एकूण इलेक्ट्रॉन विषम आहेत, आणि कुठलातरी एक अणू सातावरच राहणार. तिथे आकृतीत एक एकटा ठिपका दाखवायचाच, तो लपवायचा नाही. बोरॉनसारखे अणू आठाच्या खाली समाधानी असतात, तिथेही पद्धत एक बंध जास्त सांगते. आणि मधला अणू तिसऱ्या आवर्तातला किंवा त्याखालचा असेल, जसं SF₆ मध्ये, तर तो आठाच्या वर जाऊ शकतो आणि हा हिशोब तुटतो.

याच जागी सल्फेट येतं, आणि तुझा युक्तिवाद तिथे खरंच वापरला जातो. SO₄²⁻ मध्ये चारही बंध एकेरी ठेवले तर सल्फरवर +२ आणि प्रत्येक ऑक्सिजनवर −१. दोन डबल बाँड दिले तर सल्फर शून्य, दोन ऑक्सिजन शून्य, दोन −१. बहुतेक पुस्तकं दुसरी आकृती देतात, कारण प्रभार कमी आणि सल्फर तिसऱ्या आवर्तातला. तूही परीक्षेत तुझ्या पुस्तकात आहे तीच काढ. पण सूक्ष्म गणनांतून दिसतं की सल्फरच्या d कक्षांचा बंधात वाटा फार थोडा असतो, त्यामुळे चार एकेरी बंधांची आकृती जुनाट किंवा चुकीची समजू नकोस. सल्फेटबद्दल रसायनशास्त्रज्ञांत दोन मतं असू शकतात. नायट्रेटच्या पाच बंधांबद्दल असू शकत नाहीत.

आता एक स्वतः करून बघ: N₂O, शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देताना वापरतात तो वायू. हातात १६, गरज २४, बंध चार. आधी ऑक्सिजन मध्ये ठेवून काढ आणि त्याच्यावर काय येतं ते बघ. मग नायट्रोजन मध्ये ठेवून दोन आकृत्या काढ आणि कोणती जास्त वजनाची ते ठरव. ताडून बघायला मोजलेल्या लांब्या देतो: N–N सुमारे ११३ पिकोमीटर, N–O सुमारे ११९. नायट्रोजन वायूतल्या तिहेरी बंधाची लांबी ११० आहे. N₂O मधल्या दोन नायट्रोजनांमधला बंध तिहेरीच्या इतका जवळ का गेला आणि तरी पुरता तिहेरी का नाही, हे दोन्ही आकृत्या शेजारी ठेवून लिहून काढ आणि पुढच्या वेळी मला दाखव.